कमरेपर्यंतच्या फोटोत कुर्ता, आणि खाली उगवणारी पँट

प्रश्न: सर, आमचा छोटा फोटो स्टुडिओ आहे. लग्नाच्या बायोडाट्यासाठी मुलं टी-शर्टमधला कमरेपर्यंतचा फोटो आणतात आणि त्यावर कुर्ता घालून मागतात. मी CatVTON हे फोटोतल्या माणसावर दुसरा कपडा चढवणारं AI मॉडेल वापरतो. चेहरा छान राहतो, पण कुर्ता कमरेवरच संपतो आणि खाली जीन्स नाहीतर स्कर्टसारखं काहीतरी येतं. मूळ फोटोत पँट दिसतच नाही! दुसरी एक-दोन टूल्स वापरून पाहिली, ती तर अख्खा माणूस उभा करून देतात. हे थांबवायचं कसं?

उत्तर:

मॉडेलला पँट काढायची हौस नसते. त्याला कुर्त्याचा शेवट कुठे आहे ते ठरवायचं असतं. तुम्ही तो शेवट कुठेच सांगितलेला नाही, म्हणून ते आपल्या सवयीप्रमाणे चौकटीच्या आत कुठेतरी शेवट करतं. एकदा वरचा कपडा चौकटीच्या आत संपला, की त्याच्या खाली काहीतरी काढावंच लागतं. पँट किंवा स्कर्ट हा या चुकीचा परिणाम आहे. मूळ चूक कुर्ता आखूड होण्यात आहे. त्यामुळे पँट हटवण्याच्या मागे लागू नका. कुर्ता चौकटीच्या खाली निघून जाईल एवढंच बघा, पँट आपोआप जाते.

ही सवय कुठून आली ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे उपाय डोक्यात बसतील. CatVTON, IDM-VTON, OOTDiffusion ही सगळी मंडळी मुख्यतः दोन फोटोसंचांवर शिकली आहेत. VITON-HD मध्ये बायकांचे समोरून काढलेले फोटो आणि त्यांच्या टॉपचे वेगळे फोटो अशा 13,679 जोड्या आहेत. दुसरा DressCode, त्यात पूर्ण उंचीचे फोटो आहेत. दोन्हीकडे वरच्या कपड्याची खालची कड बहुतेक वेळा फोटोत दिसते आणि तिच्या खाली पँट किंवा स्कर्ट असतोच. म्हणजे मॉडेलने हजारो वेळा पाहिलं आहे की टॉप कंबर-नितंबाच्या आसपास संपतो आणि खाली दुसरा कपडा सुरू होतो. गुडघ्यापर्यंत येणारा पुरुषी कुर्ता आणि त्याला मध्येच कापणारी चौकट, या दोन्ही गोष्टी त्याला नवख्या आहेत.

त्यात CatVTON ला शब्द कळत नाहीत. बनवणाऱ्यांनी त्यातला मजकूर वाचणारा भागच काढून टाकला आहे, तिथे प्रॉम्प्टला जागा नाही. जे सांगायचं ते चित्रातूनच. हे मला गैरसोयीचं वाटत नाही, उलट बरं वाटतं. मॉडेलकडे तीनच गोष्टी जातात: माणसाचा फोटो, मास्क आणि कुर्त्याचा फोटो. मास्क म्हणजे फोटोतला कोणता भाग बदलायचा ते पांढऱ्याने दाखवणारं काळं-पांढरं चित्र. या तिघांच्याही खालच्या कडेवर 'कपडा इथे संपतो' असा इशारा लपलेला असू शकतो. तिन्ही कडा साफ केल्या की काम झालं.

माणसाचा फोटो

CatVTON 768 × 1024 पिक्सेलवर चालतं, म्हणजे 3:4 उभा आकार. तुमचा फोटो चौकोनी किंवा आडवा असेल तर तो या आकारात कसा बसवला गेला ते बघा. काही साधनं उरलेली जागा पांढऱ्या किंवा काळ्या पट्टीने भरतात. ती पट्टी खाली आली तर मॉडेलच्या दृष्टीने माणसाच्या कमरेखाली मोकळी जागा आहे, आणि मोकळ्या जागेत शरीराचा उरलेला भाग यायला हवा. काही साधनं चौकोनी फोटो ताणून उभा करतात. मग माणूस उंच, बारीक होतो आणि कुर्त्याचं माप बिघडतं. म्हणून फोटो आधी स्वतःच 3:4 मध्ये कापून घ्या. जागा वाढवायचीच असेल तर वर, डोक्याच्या मागच्या भिंतीत वाढवा. खाली कधीच नाही.

मूळ फोटोत तळाशी पट्टा किंवा जीन्सची चिंचोळी पट्टी दिसत असेल तर सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे फोटो तळाकडून तेवढा कापणं. बायोडाट्याच्या फोटोत तळाचे दोन बोटं कमी झाले तर कोणाला कळतही नाही. पुष्कळ जण इथे उगाच मास्कशी झटापट करतात.

मास्क

तुमचा त्रास बहुधा इथूनच सुरू होतो. कपड्याचा प्रकार `upper` निवडला की साधन फोटोतले भाग ओळखतं: केस, चेहरा, हात, वरचा कपडा, पँट, स्कर्ट. त्यातला वरचा कपडा आणि त्याभोवतीचा थोडा भाग मास्कमध्ये येतो आणि पँट म्हणून ओळखलेला भाग बाहेर राहतो. भाग ओळखणारा हा टप्पाही चुकतो. अर्धाकृती फोटोत टी-शर्टचा तळ गडद असेल, सावलीत असेल किंवा तिथे चुण्या असतील, तर त्या भागाला तो खुशाल 'पँट' किंवा 'स्कर्ट' म्हणतो. मग मास्क तळाच्या थोडा वरच थांबतो. मॉडेलला दिसतं ते असं: कुर्ता इथपर्यंत, आणि खाली जपून ठेवायची गडद पट्टी. ते त्या पट्टीला जुळेल अशी जीन्स आणि पट्टा काढून देतं. त्याचं काही चुकलं नाही.

हे ओळखायला सोपं आहे. बनलेला मास्क वेगळा उघडा आणि फक्त त्याची शेवटची ओळ बघा. धडाच्या रुंदीत ती पूर्ण पांढरी हवी. तीन-चार पिक्सेल कमी पडले तरी चालत नाही. मॉडेल चित्र आठ पटीने लहान करून काम करतं, 768 × 1024 चं 96 × 128 होतं, म्हणजे त्याच्या दृष्टीने तळाची एक ओळ तुमच्या आठ पिक्सेलएवढी असते. मास्क तीन पिक्सेल वर थांबला तर ती अख्खी ओळ जुन्या टी-शर्टची म्हणून शिल्लक राहू शकते. आठ पिक्सेलची करडी पट्टी कुर्त्याखाली आली की ती डोळ्याला थेट पट्ट्यासारखी दिसते.

दुसरा छुपा चोर म्हणजे कडा मऊ करणं. मास्कला ब्लर दिला की काही साधनं चित्राबाहेर काळं आहे असं धरून ब्लर करतात आणि तळाशी मास्क फिका होतो. कम्फीयूआय या चित्रं बनवायच्या प्रोग्राममधला `FeatherMask` तर चित्राच्या चारही कडांवरच काम करतो. तो वापरत असाल तर `bottom` शून्य ठेवा. मऊपणा खांद्यावर, बाह्यांवर हवा. तळाला तो अजिबात नको.

मास्क तळापर्यंत नेण्यासाठी मी छोटा कोड वापरतो. पोटाच्या उंचीवर, जिथे मास्क हमखास बरोबर असतो, अशी एक ओळ निवडायची आणि तीच खाली तळापर्यंत ओढायची:

```python
import numpy as np
from PIL import Image

def load(p):
    return np.array(Image.open(p).convert("L")) > 127

m, hands = load("mask.png"), load("hands.png")
y0 = 900
m[y0:, :] |= m[y0]
m &= ~hands
Image.fromarray((m * 255).astype("uint8")).save("mask_full.png")
```

`hands.png` हा हाताच्या पंजांचा मास्क. पंजे फोटोत नसतील तर कोडमध्ये `m = load("mask.png")` एवढंच ठेवा आणि `~hands` ची ओळ काढून टाका. पंजे असतील तर तो मास्क हाताने रंगवा, कारण भाग ओळखणारं साधन बहुतेक वेळा दंडापासून बोटांपर्यंत सगळ्याला एकच 'हात' म्हणतं. अर्ध्या बाह्यांच्या टी-शर्टवर पूर्ण बाह्यांचा कुर्ता चढवायचा तर दंड आणि कोपर मास्कमध्ये यायलाच हवेत आणि मनगटापुढचा पंजाच तेवढा वाचवायचा. आपोआप मिळालेला 'हात' सगळाच वाचवलात तर कुर्ता अर्ध्या बाह्यांचा होतो.

कुर्त्याचा फोटो

मास्क बरोबर असूनही पँट येते तेव्हा दोष जवळजवळ नेहमी इथे सापडतो, आणि इथेच सर्वांत कमी लोक बघतात. दुकानातून आलेला कुर्त्याचा फोटो पूर्ण असतो: कॉलर, बटणपट्टी, बाजूचे कट, खालची दुमड, कधी दुमडीवर नक्षीची किनार. मॉडेलला वाटतं की दाखवलेलं सगळं फोटोत यायला हवं. मग ते चाळीस इंची कुर्ता आक्रसून चौकटीत बसवतं. किनार कमरेवर येते आणि तिच्या खाली उरलेल्या जागेत पँट.

म्हणून कुर्त्याचा फोटोसुद्धा माणसाच्या फोटोसारखाच कापलेला हवा. किती कापायचा ते अंदाजाने ठरवू नका, मोजा. एक उदाहरण पूर्ण करून दाखवतो.

माणसाचा फोटो 768 × 1024 केला आहे. कुर्ता पांढरट सुती आहे, खांदा 18 इंच, लांबी 40 इंच, बाजूचा कट 14 इंच. फोटोत एका खांद्याच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंत 468 पिक्सेल भरतात. हे अंतर डोळ्यांनी बघून मोजा. शरीराचे सांधे शोधणारी साधनं खांद्याचा बिंदू सांध्यावर, म्हणजे बराच आत धरतात आणि माप चुकतं. 468 भागिले 18 म्हणजे एका इंचाला 26 पिक्सेल. मानेजवळ जिथे खांद्याची शिवण सुरू होईल तो बिंदू वरून 374 पिक्सेलवर आहे. तिथून चौकटीच्या तळापर्यंत 650 पिक्सेल उरतात, म्हणजे 25 इंच. कुर्ता 40 इंचाचा आहे, तेव्हा त्याची दुमड चौकटीच्या खाली 15 इंच, पिक्सेलमध्ये 390, एवढी दूर हवी. बाजूचा कट वरून 26 इंचांवर सुरू होतो, म्हणजे तोही चौकटीच्या एक इंच खाली. या फोटोत कुर्त्याची दुमडही दिसायला नको आणि कटही नको. दिसायला हवेत ते फक्त वरचे 25 इंच, लांबीचा साधारण पाच-अष्टमांश भाग.

आता 768 × 1024 ची पांढरी पाटी घ्या आणि कुर्ता तिच्यावर त्याच मापाने, इंचाला 26 पिक्सेल, ठेवा. बाह्या अंगालगत दुमडलेल्या असतील तर रुंदी साधारण 28 इंच, म्हणजे 728 पिक्सेल भरते आणि पाटीत बसते. मानेजवळची शिवण वरून 374 च्या आसपास येऊ द्या, तळाला कापड पाटीच्या कडेने कापलं जाऊ द्या. वर पांढरी जागा बरीच राहील, राहू द्या. खाली पांढऱ्याचा एक धागाही नको.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण CatVTON कपड्याचा फोटो 3:4 मध्ये बसवताना कापत नाही, पांढरी जागा भरतं. तुम्ही कुर्ता नुसता 25 इंचांवर कापलात आणि तो आडवट तुकडा तसाच दिलात, तर साधन त्याच्या वर-खाली पांढरं लावून टाकेल. तुम्ही कापलेली सरळ रेघ मॉडेलला नवी दुमड वाटेल. मग मिळतो पोटावर सरळ कापलेला आखूड टॉप, जो पूर्ण कुर्त्याच्या वेळेपेक्षाही वाईट दिसतो. कापून काही फरक पडला नाही अशी तक्रार करणाऱ्यांचं बहुधा हेच झालेलं असतं.

कुर्ता माणसाने घातलेला असेल, कॅटलॉगमधला असेल, तर खालचा पायजमा दिसत असतोच. तोही याच कापण्यात जातो. अशा फोटोतले हात आणि मान मात्र आधी पुसून घ्या, नाहीतर त्याचं मनगट तुमच्या मुलाच्या बाहीतून बाहेर येतं.

एवढं झाल्यावर नेहमीच्या मापांवर चालवा. गायडन्स, म्हणजे दिलेल्या कपड्याला मॉडेलने किती धरून राहायचं तो आकडा, CatVTON च्या डेमोत 2.5 ठेवलेला असतो, तो मी सहसा हलवत नाही. पँटवर उपाय म्हणून तो वाढवायचा सल्ला पुष्कळ जण देतात. त्याने कपड्याचा रंग आणि कडकपणा वाढतो. दुमड खाली जात नाही.

शब्द ऐकणारी साधनं

तुम्ही म्हणता ती अख्खा माणूस उभा करणारी टूल्स वेगळ्या जातीची आहेत. त्यांना मास्क लागत नाही. फोटो द्यायचा, वाक्य लिहायचं, आणि ती पूर्ण चित्र नव्याने काढतात. Qwen-Image-Edit आणि FLUX.1 Kontext ही त्यातली माहितीतली नावं. इथे चौकट पक्की नसते. मॉडेलला वाटलं की मागितलेला कपडा पूर्ण दाखवायचा तर मागे सरकायला हवं, तर ते सरकतं. चेहरा लहान होतो आणि खाली पाय उगवतात.

इथे चूक बहुधा शब्दांत असते. 'कुर्ता पायजमा', 'सूट', 'आउटफिट', 'पारंपरिक पोशाख' हे सगळे जोडीचे शब्द आहेत, त्यांच्या पोटात खालचा कपडा आहेच. एकच वस्तू सांगा. आणि 'पँट दाखवू नको' असं लिहू नका. या मॉडेलांना नकार नीट कळत नाही, 'पँट' हा शब्द मात्र नीट कळतो. नको ते लिहिण्यापेक्षा तिथे काय हवं ते लिहा:

```
Replace only the grey T-shirt with the cream cotton kurta
from the second image. Keep the same camera framing, with
the head at the same size and position. The kurta fabric
continues past the bottom edge of the picture.
```

शेवटचं वाक्य सगळ्यात जास्त काम करतं. त्यात तळाशी काय असायला हवं ते सांगितलं आहे: कापडच. एसडीएक्सएलच्या इनपेंटिंगसारख्या, म्हणजे मास्कमधला भागच नव्याने काढणाऱ्या साधनांत नकारासाठी वेगळी जागा असते, तिथे मात्र `belt, waistband, trousers, jeans, hem` लिहायला हरकत नाही. ती जागा गणितातच उलट्या बाजूने धरलेली असते, म्हणून तिथे हे शब्द उलटत नाहीत.

आणखी एक गोष्ट, शरीराची काडी-आकृती देऊन चित्र काढत असाल तर. अर्धाकृती फोटोत गुडघे आणि घोटे नसतात, पण सांधे शोधणारं साधन कधीकधी ते तळाच्या कडेला कोंबून 'सापडले' म्हणून सांगतं. मॉडेल त्या आखूड पायांना इमानदारीत पँट घालतं. ओपनपोझ या सांधे शोधणाऱ्या साधनाच्या 18 बिंदूंत 9, 10, 12 आणि 13 हे गुडघे आणि घोटे, ते सरळ पुसून टाका. 8 आणि 11 हे नितंबांचे बिंदू. ते खरोखर चौकटीत असतील तरच ठेवा.

निकाल तपासणं

चेहरा बघून निकाल पास करू नका. आपली नजर तिकडेच जाते, आणि चूक नेहमी तळाशी असते. प्रत्येक चित्राची खालची शंभर पिक्सेलची पट्टी कापून एकाखाली एक लावा. वेगवेगळ्या सीडची, म्हणजे चित्राची सुरुवात ठरवणारा आकडा बदलून काढलेली, पाच-सहा चित्रं एकदम तपासता येतात. कापडाच्या चुण्या पट्टीतून खाली निघून गेलेल्या दिसायला हव्यात. आडवी गडद रेघ, रंगात अचानक बदल, किंवा सगळ्या चुण्या एका आडव्या ओळीकडे ओढल्यासारख्या दिसल्या, तर मॉडेलच्या मनात तिथे कंबरपट्टी होती. चुण्या ओढलेलं चित्र पहिल्या नजरेत बरोबर वाटतं, कारण पँट दिसत नसते. पण कुर्ता खोचल्यासारखा दिसतो आणि गिऱ्हाईक 'काहीतरी विचित्र आहे' म्हणून परत येतं.

सगळ्याच सीडमध्ये रेघ एकाच उंचीवर येत असेल तर दोष मास्कमध्ये किंवा कुर्त्याच्या फोटोत आहे, सीड बदलून काही होणार नाही. कधी येते कधी नाही, उंचीही बदलते, असं असेल तर इशारे साफ आहेत आणि मॉडेलची सवय तेवढी उरली आहे. तेव्हा चांगली निघालेली दोन घ्या आणि पुढे चला.

शब्द ऐकणाऱ्या साधनांत आणखी एक मोजमाप करा: डोळ्यांच्या दोन बाहुल्यांमधलं अंतर, आधी आणि नंतर, दोन्ही चित्रं एकाच आकारात आणून. आधी 66 पिक्सेल आणि नंतर 57 असेल तर मॉडेल मागे सरकलं आहे, पाय दिसत नसले तरी. असं चित्र कापून मोठं करायचा मोह होतो. करू नका. त्यातला चेहरा नव्याने काढलेला आहे, आणि बायोडाट्याच्या फोटोत चेहरा नवा चालत नाही. मुलीकडचे लोक प्रत्यक्ष भेटणार आहेत.

याच कारणासाठी CatVTON च्या निकालातूनही मी फक्त कपडा घेतो. मूळ मोठा फोटो तसाच ठेवायचा, निकाल त्याच्या आकाराला मोठा करायचा आणि मास्कच्या आतला भागच वर चढवायचा. चेहरा, केस, भिंत सगळं कॅमेऱ्यातलंच राहतं. कापड मोठं केल्यावर थोडं मऊ दिसतं. सुती कुर्त्याला ते खपतं. बारीक भरतकाम असेल तर नाही खपत, तिथे भरतकामाचा भाग मूळ कुर्त्याच्या फोटोतून हाताने बसवावा लागतो.

जिथे हे पुरत नाही

नेहरू जाकिटाला हीच रीत चालते, त्याची टोकंही साधारण 27-28 इंचांवर असतात, म्हणजे वरच्या उदाहरणात चौकटीबाहेर. पण जाकीट उघडं असेल तर आतल्या कुर्त्याचा तळही दिसतो आणि मॉडेल दोन कपड्यांचे दोन शेवट काढायला बघतं. तेव्हा एक आडवाट आहे. माणसाच्या फोटोला खाली मुद्दाम जागा जोडायची, म्हणजे दुमड आणि पँट जी काढायची ती मॉडेलने तिथे काढावी, आणि शेवटी तो भाग कापून टाकायचा. वरच्या फोटोला 390 पेक्षा थोडी जास्त, समजा 450 पिक्सेल जागा जोडली तर उंची 1474 होते. 3:4 राखायला रुंदी सुमारे 1106 करावी लागते, म्हणजे बाजूंनाही भिंत वाढवावी लागते. परत 768 × 1024 केल्यावर माणूस जवळजवळ सत्तर टक्क्यांवर येतो आणि कापडाचे बारकावे तेवढे कमी होतात. मास्क जोडलेल्या सगळ्या भागावर घाला, नाहीतर रिकामी पट्टी तशीच राहते. मी पहिल्यांदा 'खाली जागा वाढवू नका' म्हटलं आणि आता वाढवायला सांगतोय, पण फरक एवढाच की इथे ती जागा शेवटी फेकायची आहे.

साडीला मात्र यातलं काही धड लागू होत नाही. घडी घातलेल्या साडीचा फोटो दिला तर `upper` मध्ये मॉडेल तिला ब्लाउज समजतं आणि पूर्ण पोशाखाच्या `overall` मध्ये कमरेला पट्टी असलेला घागरा शिवतं. साडी नेसलेल्या बाईचाच, त्याच उंचीवर कापलेला आणि पदर त्याच खांद्यावर असलेला फोटो संदर्भाला दिला तर निऱ्या चौकटीबाहेर राहतात आणि काम बरं होतं. काठाचं डिझाइन तरीही जसंच्या तसं येत नाही. पैठणी ओळखणारं गिऱ्हाईक असेल तर त्यांना साडी नेसूनच फोटो काढायला बोलवा.

आता धंद्याचं. तुम्ही पैसे घेऊन काम करता म्हणून सांगतो. CatVTON, IDM-VTON आणि OOTDiffusion तिन्हींचा परवाना CC BY-NC-SA 4.0 आहे, म्हणजे व्यावसायिक वापराला परवानगी नाही. शिकायला, रीत बसवायला ठीक. गिऱ्हाइकाच्या कामाला Qwen-Image-Edit घेता येईल, त्याचा परवाना अपाचे 2.0 आहे. ते चौकट हलवणाऱ्या जातीचं असल्यामुळे कुर्ता मोजून कापणं, तळाबद्दलचं वाक्य, बाहुल्यांचं अंतर आणि शेवटी फक्त कपडा मूळ फोटोवर चढवणं, हे चारही तिथे करावं लागेल. मास्क मॉडेलला द्यायचा नसला तरी चढवताना लागतोच, तेव्हा वरचा कोड जपून ठेवा.